बिड माझी जास्त, तरी त्याची जाहिरात वर आणि स्वस्तही. हे कसं?

छतावरचं_ऊन (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. आमचा घरांच्या गच्चीवर आणि लहान कारखान्यांवर सोलर पॅनेल बसवण्याचा व्यवसाय आहे. आम्ही दोघे भाऊ आणि कामाला सहा माणसं. गूगलवरच्या सर्च जाहिराती गेलं दीड वर्ष मी स्वतःच चालवतो. जे शिकलो ते पाहून पाहून शिकलो, त्यामुळे पाया कच्चा आहे.

अडचण अशी. solar panel installation aurangabad या कीवर्डवर माझी बिड, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त द्यायची तयारी, ₹६० आहे. जाहिरात तिसऱ्या जागी दिसते आणि क्लिकला साधारण ₹४५ पडतात. याच धंद्यातला एक ओळखीचा आहे, आम्ही दोघं एकाच डीलरकडून माल उचलतो. परवा चहाला बसलो असताना त्यानं स्वतःचं खातं उघडून दाखवलं. त्याची बिड ₹३५, क्लिकला जातात ₹२८ आणि बहुतेक वेळा जाहिरात सगळ्यात वर. मग मी दहा दिवस बिड ₹७० करून पाहिली. दुसऱ्या जागी आलो, पण क्लिकचा भाव थेट ₹६२ वर गेला. फोन मात्र पूर्वीइतकेच. रोजचं बजेट ₹१,२०० आहे, ते आता दुपारी तीनलाच संपतं.

माझ्याकडे Quality Score, म्हणजे गूगलनं कीवर्डला दिलेला दर्जाचा आकडा, दहापैकी ३ दिसतो. खालचे तीन रकाने असे: Expected CTR, म्हणजे किती जण क्लिक करतील त्या अंदाजाला, Below average; Ad relevance, म्हणजे जाहिरात शोधाशी किती जुळते त्याला, Average; Landing page experience, म्हणजे क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाला, Below average. हा आकडा भावावर नक्की कसा परिणाम करतो? आणि बिड ₹१० नं वाढवली तर भाव ₹१७ नं कसा वाढतो?

विक्रांत_पुणे

दादा, हे सोपं आहे. बिड गुणिले क्वालिटी स्कोर म्हणजे रँक. तुमचे ६० गुणिले ३ म्हणजे १८०. त्याचा स्कोर ९ धरला तर ३५ गुणिले ९ म्हणजे ३१५. म्हणून तो वर. आणि तुम्ही भरता तो भाव म्हणजे तुमच्या खालच्याची रँक भागिले तुमचा स्कोर. मी तीन वर्षं एका एजन्सीत आहे, आम्ही प्रत्येक क्लायंटला हेच समजावतो.

उपाय दोन. एक, प्रत्येक कीवर्डला वेगळा ॲड ग्रुप, म्हणजे त्याचा स्वतःच्या जाहिरातींसह वेगळा गट करा. दोन, पंधरा दिवस बिड मुद्दाम चढी ठेवा. वर दिसलात की क्लिक वाढतात, त्यानं सीटीआर वाढतो, स्कोर चढतो, मग बिड खाली आणा. आणि निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही ते, भरपूर टाका, त्यानंही स्कोर सुधारतो.

देवगडची_वैशाली

मी पण हेच विचारणार होते. आमची देवगडला हापूसची बाग आहे, पेट्या थेट घरपोच पाठवतो. दोन हंगाम गूगलला जाहिरातीचे पैसे देतेय, तरी नुसतं हापूस शोधलं तर आमची वेबसाइट चौथ्या पानावर. एवढे पैसे भरून वेबसाइट वर का येत नाही?

मंजिरी_ठाणे

वैशालीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्याचं आधी सांगते. जाहिरातीखाली जे साधे निकाल येतात त्यांचा क्रम जाहिरातीच्या पैशांनी बदलत नाही. त्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. इथे चर्चा "Sponsored" अशी खूण असलेल्या निकालांची चालली आहे.

आता मूळ प्रश्न. विक्रांत, तुम्ही सांगितलेल्या गणिताचा सांगाडा बरोबर आहे, पण त्यात घातलेला आकडा चुकीचा आहे. खात्यात १ ते १० असा जो स्कोर दिसतो तो लिलावात वापरलाच जात नाही. गूगलनं स्वतःच्या मदतपानावर हे स्पष्ट लिहिलं आहे. तो नंतर काढलेला गोळाबेरीज आकडा आहे, डॉक्टरकडच्या थर्मामीटरसारखा. प्रत्यक्ष लिलाव दर शोधाला नव्यानं होतो. तिथे अंदाज बांधला जातो तो या माणसाचा, या फोनवरचा, या गावातला, या वेळचा आणि त्यानं टाइप केलेल्या नेमक्या शब्दांचा. एकाच कीवर्डवर सकाळी आणि रात्री तुमचा दर्जा वेगळा असू शकतो आणि रकान्यात मात्र दोन्ही वेळा ३ दिसेल.

म्हणून मी स्कोर बाजूला ठेवून थेट क्लिकांवर बोलते. छतावरचं_ऊन, तुमचे आणि तुमच्या मित्राचे बिडचे आकडे खरे आहेत. बाकी दोघे आणि क्लिकांचे अंदाज मी समजण्यासाठी धरले आहेत. एकाच शोधावर चार जण आहेत आणि जाहिरात शंभरदा दाखवली तर कोणाला किती क्लिक मिळतील, असा गूगलचा अंदाज आहे, असं समजा.

```
मित्र     ९ क्लिक × ₹३५ = ३१५
तिसरा    ५ क्लिक × ₹५० = २५०
तुम्ही     ४ क्लिक × ₹६० = २४०
चौथा     ४ क्लिक × ₹४५ = १८०
```

उजवीकडचा आकडा म्हणजे शंभर वेळा दाखवल्यावर गूगलच्या हाती जास्तीत जास्त किती येऊ शकतं ते. क्रम त्यावर लागतो. तुमची बिड सगळ्यात मोठी आहे, पण तुमच्यावर लोक क्लिक करतील असा भरवसा कमी, म्हणून तुम्ही तिसरे.

भाव कसा ठरतो ते पाहा. प्रत्येकाला आपली जागा टिकवायला जेवढं लागतं तेवढंच द्यावं लागतं. मित्राला खालच्याच्या २५० च्या वर राहायचंय. त्याला ९ क्लिक मिळणार, म्हणून २५० भागिले ९, सुमारे ₹२८. तुम्हाला १८० च्या वर राहायचंय आणि क्लिक ४, म्हणून ₹४५. तुमचे दोन्ही आकडे असे जुळतात. अर्थात खऱ्या लिलावात आणखी बऱ्याच गोष्टी असतात, पण घडण हीच.

आता तुमचा ₹१७ चा प्रश्न. बिड ₹७० केल्यावर तुमचे ४ गुणिले ७० म्हणजे २८० झाले आणि तुम्ही २५० वाल्याला ओलांडलं. आता तुमच्या खाली १८० वाला नाही, २५० वाला आहे. २५० भागिले ४ म्हणजे ₹६२.५०. बिड दहानं वाढली म्हणून भाव सतरानं वाढला, असं झालेलं नाही. तुमच्या खालचा माणूस बदलला. पहिल्या जागेसाठी तुम्हाला ३१५ भागिले ४, म्हणजे ₹७९ च्या आसपास मोजावे लागतील. त्याच जागेचे मित्र ₹२८ देतो.

आणि उलट बाजूनं पाहा. बिड ₹४० वर आणली, पण शंभरात ८ जण क्लिक करतील अशी जाहिरात झाली, तर ३२०. म्हणजे पहिली जागा, आणि भाव ३१५ भागिले ८, सुमारे ₹३९. आज तिसऱ्या जागेला देता त्याहून कमी.

छतावरचं_ऊन

मंजिरीताई, हे तीनदा वाचलं. "खालचा माणूस बदलला" या वाक्याशी डोक्यात उजेड पडला. दीड वर्षात हे कोणी सांगितलं नव्हतं.

एक शंका. बजेट दिवसभर पुरायचं तेव्हा रात्री अकरानंतर बऱ्याचदा पानावर माझी एकट्याचीच जाहिरात असायची. खाली कोणीच नाही. तरी क्लिकला ₹५० च्या आसपास जायचे. खाली कोणी नसेल तर रुपया दोन रुपये जायला हवेत ना?

मंजिरी_ठाणे

नाही, कारण खाली माणूस नसला तरी उंबरठा असतो. गूगल त्याला Ad Rank threshold म्हणतं. लिलावातली राखीव किंमत समजा. वरच्या उदाहरणात पानाच्या माथ्यावर यायला किमान २०० लागतात असं धरलं, तर १८० वाला चौथा वर दिसणारच नाही. तुम्ही २४० वर आहात, म्हणून दिसाल, पण भाव २०० भागिले ४, म्हणजे ₹५०. मित्र त्या वेळी एकटा असता तर २०० भागिले ९, म्हणजे ₹२२ मध्ये भागलं असतं. दर्जाचा फरक स्पर्धक नसतानाही खिशाला लागतो तो असा.

हा उंबरठा सगळ्यांना सारखा नसतो. जाहिरातीचा दर्जा, पानावरची जागा, शोधणारा कुठे आणि कोणत्या उपकरणावर आहे, शोधाचा विषय काय, यांवर तो हलतो. निकालांच्या वर दिसण्यासाठी तो उंच असतो, खाली दिसण्यासाठी ठेंगणा. नेमका किती ते कोणाला कळत नाही. पण तो तुम्हाला अडवतोय का, हे कळू शकतं. खात्यात Search lost IS नावाचे दोन रकाने जोडा, एक बजेटमुळे गमावलेल्या संधींचा आणि एक रँकमुळे गमावलेल्या. दुसरा मोठा असेल तर बजेट वाढवून काही होणार नाही. दुपारी तीनला बजेट संपतं म्हणालात, तर दोन्ही मोठे निघतील असं मला वाटतं.

विक्रांत, तुमच्या उपायांबद्दलही थोडं बोलते, राग मानू नका. वर दिसल्यानं क्लिक वाढतात हे खरं, पण Expected CTR काढताना जागेचा परिणाम वजा केलेला असतो. पहिल्या जागी आहात म्हणून मिळालेले जादा क्लिक तुमच्या गुणांत धरत नाहीत. मग पंधरा दिवस चढा भाव देऊन हाती काय आलं? आणि दिसणारा स्कोर मोजतात तो कीवर्डशी तंतोतंत जुळणाऱ्या शोधांवर. निगेटिव्ह कीवर्डनं जे भलते शोध तुम्ही गाळता ते त्या मोजणीत आधीच नसतात. निगेटिव्ह जरूर टाका, पैसे वाचतात. पण ३ चे ५ होतील म्हणून टाकू नका.

विक्रांत_पुणे

राग नाही ताई. जागेचा परिणाम वजा करतात हे मी वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. तरी एक सांगतो. दोन क्लायंटच्या खात्यात बिड चढवून दोन-तीन आठवड्यांत स्कोर ४ वरून ६ झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. ते कशामुळे?

आणि दुसरं, गूगल २०१९ मध्ये फर्स्ट प्राइस लिलावावर गेलं ना? म्हणजे जेवढी बिड तेवढा भाव. मग खालच्याचं गणित आता लागू आहे का?

मंजिरी_ठाणे

२०१९ चा तो बदल Ad Manager मधला, म्हणजे वेबसाइटवरच्या चित्रजाहिरातींच्या लिलावातला. सर्चला तो लागू नाही. छतावरचं_ऊन यांची बिड ₹६० आणि भाव ₹४५, हाच त्याचा पुरावा.

तुमच्या दोन क्लायंटचं मी ठामपणे सांगू शकत नाही. त्या आठवड्यांत जाहिरातीचा मजकूर किंवा पान बदललं होतं का ते Change history मध्ये बघा. आणखी एक शक्यता आहे. हे तिन्ही शेरे तुलनेनं ठरतात. त्याच शोधावर गेल्या ९० दिवसांत दिसलेल्या बाकीच्या जाहिरातदारांशी तुमची तुलना होते. त्यातला एखादा तगडा गडी हंगाम संपून निघून गेला तर तुम्ही काहीही न करता Average होता.

अर्थशास्त्र_निवृत्त (सांगली)

मी तीस वर्षं महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. जाहिराती कधी दिल्या नाहीत, पण या लिलावाचा इतिहास माझ्या आवडीचा आहे, म्हणून लिहितो.

शोधाच्या निकालातली जागा लिलावानं विकायची कल्पना बिल ग्रॉस यांच्या GoTo या कंपनीनं १९९८ मध्ये बाजारात आणली. तिथे क्रम फक्त बोलीवर लागायचा आणि जेवढी बोली तेवढे पैसे. दोन दोष लगेच दिसले. पहिला, बोली लावणारे एकमेकांवर एकेक सेंट चढवत जायचे आणि परवडेनासं झालं की एकदम खाली उतरायचे. किमतीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसायचा. दुसरा दोष जास्त मूलभूत. जास्त पैसे देणारा वर बसायचा, पण त्याच्यावर कोणी क्लिकच केला नाही तर विकणाऱ्याला शून्य.

गूगलनं फेब्रुवारी २००२ मध्ये दोन्ही दुरुस्त केले. क्रमासाठी बोलीला क्लिकच्या प्रमाणानं गुणलं आणि किंमत खालच्यावरून ठरवली. दर्जाचा हा गुणाकार उपकार म्हणून आलेला नाही. विक्रेता क्लिकवर पैसे घेतो, पण त्याच्याकडे विकायला जागा आहे. जागेचं उत्पन्न काढायचं तर क्लिकचा अंदाज लावावाच लागतो.

पुष्कळ जण याला अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिक्री यांच्या १९६१ च्या लिलावाचं, म्हणजे जिंकणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी किंमत द्यायच्या लिलावाचं रूप समजतात. ते तसं नाही. व्हिक्रींच्या लिलावात आपल्याला वस्तूची जेवढी किंमत वाटते तेवढीच बोली लावणं केव्हाही हिताचं असतं. इथे जागा अनेक असल्यामुळे तसं राहत नाही. ₹७० परवडत असले तरी ₹६० लावून तिसऱ्या जागी बसणं फायद्याचं ठरू शकतं. या प्रश्नकर्त्याचंच उदाहरण घ्या. दुसऱ्या जागेसाठी त्यांनी क्लिकमागे ₹१७ जास्त मोजले. पण फक्त नवे क्लिक धरले तर एकेका नव्या क्लिकची किंमत ₹६२ हून कितीतरी जास्त निघते, कारण जुन्या सगळ्या क्लिकांवरही ₹१७ चढले.

छतावरचं_ऊन

सर, हे शेवटचं मी काढून पाहिलं. आधी दिवसाला २० क्लिक, ₹४५ प्रमाणे ₹९००. बिड चढवल्यावर कसेबसे १९ क्लिक, कारण बजेटच संपलं. म्हणजे ₹२८० जास्त गेले आणि क्लिक एक कमी झाला. आजच बिड परत ₹६० केली.

मंजिरीताई, आता सुधारायचं काय? सध्या एकच ॲड ग्रुप आहे. त्यात ४२ कीवर्ड. जाहिरातीचं शीर्षक आमच्या फर्मचं नाव आणि "दर्जेदार सोलर सेवा". क्लिक केलं की वेबसाइटचं पहिलं पान उघडतं.

मंजिरी_ठाणे

Search terms चा अहवाल उघडा आणि गेल्या तीस दिवसांत लोकांनी काय टाइप केलं होतं, त्यातल्या खर्चानं वरच्या पंचवीस ओळी इथे टाका.

छतावरचं_ऊन

सगळ्या टाकत नाही, पण गोळा करून सांगतो. सगळ्यात जास्त खर्च solar panel price 3kw आणि तसल्या किंमत विचारणाऱ्या शोधांवर. त्याखाली rooftop solar subsidy apply, pm surya ghar registration वगैरे. मग solar pump yojana, हे शेतकरी आहेत, आम्ही पंप करत नाही. त्यानंतर solar installation near me. आणि दोन-तीन शोध नोकरी आणि कोर्सचे. एक गोष्ट नवीन कळली. आमच्या जाहिरातीत सगळीकडे छत्रपती संभाजीनगर आहे आणि शोधणारे जवळपास सगळे इंग्रजीत aurangabad टाइप करतात.

मंजिरी_ठाणे

मग दुखणं इथेच आहे. ही वेगवेगळी माणसं आहेत आणि तुम्ही सगळ्यांना एकच पाटी दाखवताय.

किंमत विचारणाऱ्याला "दर्जेदार सोलर सेवा" वाचून काहीच कळत नाही. त्याच पानावर दुसऱ्याचं शीर्षक "३ किलोवॅटचा दर पाहा" असेल, तर बोट तिकडे जाणार. Expected CTR तिथे बुडतो. त्यातून जे क्लिक करतात ते पहिल्या पानावर पोहोचतात. तिथे मोठं चित्र, मग "आमच्याविषयी". किंमत शोधत खाली जावं लागतं आणि माणूस परत फिरतो. Landing page चा शेरा तिथला.

अनुदान शोधणारा तर बहुतेक वेळा सरकारी पोर्टलच शोधत असतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावर घराला ₹७८,००० पर्यंत अनुदान आहे आणि अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो. त्या माणसाला तुमची जाहिरात कितीही चांगली लिहिली तरी खालच्या सरकारी निकालावरच जायचंय. अशा शोधावर सगळ्याच विक्रेत्यांचे क्लिक कमी पडतात. तिथे दर्जा ओढूनताणून वाढवण्यापेक्षा सोडून देणं बरं.

मी असं करीन. तीन ग्रुप. पहिला बसवून घेणाऱ्यांचा, दुसरा किंमत विचारणाऱ्यांचा, तिसरा कारखान्यांचा. ४२ कीवर्ड नकोत, प्रत्येकात पाच-सात पुरे. विक्रांत म्हणतात तसं एका कीवर्डला एक ग्रुप करायची गरज नाही, कारण जवळच्या अर्थाचे शोध गूगल आता तसेही एकत्र जुळवतं आणि इतक्या कमी क्लिकमध्ये प्रत्येक ग्रुप उपाशी राहील. जाहिरातीत शहराची दोन्ही नावं वेगवेगळ्या शीर्षकांत ठेवा, पंधरा शीर्षकं देता येतात. किंमतवाल्यांसाठी वेगळं पान करा. वरच १, २, ३, ५ किलोवॅटचा दर, अनुदान धरून आणि न धरता, त्याखाली तुमचा फोन. पंप, नोकरी, कोर्स हे निगेटिव्हमध्ये टाका.

एक सावधगिरी. "मोफत सोलर" असं लिहू नका. क्लिक भरपूर येतील, Expected CTR चांगला दिसेल, क्लिक स्वस्तही होईल. पण येणारा माणूस फुकट मागणारा असेल. लिलाव क्लिकचा अंदाज मोजतो, तुमचं गिऱ्हाईक मोजत नाही. क्लिक ₹२५ ला मिळाला आणि ऐंशी क्लिकनंतर एक काम आलं, तर ₹४५ चा क्लिक आणि तीसमधून एक काम हे कधीही परवडतं.

देवगडची_वैशाली

माझा आधीचा प्रश्न वेगळा होता हे आता लक्षात आलं, पण वाचता वाचता मी माझं खातं उघडलं. आमच्या बागेच्या नावावर स्कोर १० आणि क्लिक ₹३ ला. alphonso mango online वर स्कोर ४ आणि क्लिक ₹३१. मी आतापर्यंत खात्याचं सरासरी पाहून खूश होते. नाव शोधणारे तर आमचे जुनेच गिऱ्हाईक. नवीन माणसासाठी मी किती मोजतेय ते त्या सरासरीत झाकलं गेलं होतं.

आणखी एक, जून ते जानेवारी स्कोरच्या जागी नुसती रेघ दिसते. ती काय?

मंजिरी_ठाणे

त्या काळात त्या नेमक्या शोधांवर पुरेशा वेळा दिसला नाहीत, म्हणून मोजायला माल नाही, अशी ती रेघ. हंगामी धंद्याला हे दरवर्षी होणार. शिक्षा झाली असं समजू नका. आणि बागेच्या नावाबद्दलचं तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे, नावाचे कीवर्ड वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवा.

शंकित_वाचक

सगळं वाचलं. पण दोन्ही बाजूचं गणित गूगलच्याच हातात आहे, हे कोणी बोलत नाही. अंदाज तेच बांधणार, उंबरठा तेच ठरवणार. दर्जा हे भाव वाढवायचं निमित्त नाही कशावरून? अमेरिकी सरकारनं गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हे बाहेर आलं होतं ना?

अर्थशास्त्र_निवृत्त (सांगली)

आलं होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलचे अधिकारी जेरी डिश्लर यांनी साक्षीत मान्य केलं की जाहिरातदारांना न सांगता लिलावात बदल करून किमती साधारण ५ टक्क्यांनी आणि काही शोधांवर १० टक्क्यांपर्यंत वाढवल्या गेल्या असतील. न्यायाधीश अमित मेहता यांच्या ऑगस्ट २०२४ च्या निकालात भाव वाढवायच्या अशा युक्त्यांची वर्णनं आहेत. त्यातली एक म्हणजे "स्क्वॉशिंग". दुसऱ्या क्रमांकाच्या जाहिरातीचा क्लिकचा अंदाज मुद्दाम थोडा वर उचलायचा, म्हणजे पहिल्याला जास्त मोजावं लागतं.

मंजिरीताईंच्याच उदाहरणात बसवून पाहा. तिसऱ्याचे ५ क्लिक ६ धरले की त्याचे २५० चे ३०० होतात. मित्र ३१५ वर आहे, क्रम बदलत नाही. पण त्याचा भाव २५० भागिले ९ ऐवजी ३०० भागिले ९, म्हणजे ₹२८ चा ₹३३ होतो. त्याच्या जाहिरातीत काही बिघडलं नाही, पान तेच, बिड तीच. खात्यात त्याला याचा मागमूस दिसणार नाही.

शंकित_वाचक

म्हणजे चांगली जाहिरात करणाऱ्याचाच फायदा कापला. मग सुधारण्यात अर्थ काय राहिला?

मंजिरी_ठाणे

कापला, पूर्ण नाही. ₹३३ मध्येही तो पहिला आहे आणि इतरांपेक्षा स्वस्तात आहे. पण तुमचा मुद्दा मी झटकणार नाही. जाहिरातीच्या कामातल्या अकरा वर्षांत असे महिने पाहिलेत की खात्यात काहीच बदललं नाही, Auction insights मध्ये नवा स्पर्धक नाही आणि भाव दहा-बारा टक्के चढला. तेव्हा क्लायंटला काय सांगायचं हा प्रश्न माझ्यापुढे होता आणि आजही आहे.

छतावरचं_ऊन

सात आठवडे झाले, म्हणून परत आलो. सांगायचं राहू नये.

तीन ग्रुप केले. किंमतीचं पान धाकट्या भावानं बनवलं, सगळ्यात वर दराचा तक्ता. solar panel price 3kw आता स्कोर ७, क्लिक ₹३३ च्या आसपास, आधी ₹४८ होता. पहिल्या तीन आठवड्यांत रकान्यातला आकडा हललाच नाही, ३ च होता, पण भाव दुसऱ्या आठवड्यापासूनच उतरू लागला होता. तुम्ही थर्मामीटर म्हणालात ते पटलं. मूळ कीवर्ड, बसवून घेण्याचा, ३ वरून ५ झाला, भाव ₹४५ चा ₹३९. मित्र अजून वरच आहे. बजेट आता रात्री आठपर्यंत पुरतं आणि आठवड्याला चार-पाच फोन जास्त येतात.

कारखान्यांचा ग्रुप मात्र फसला. स्कोर अजून ३, दिवसाला दोन क्लिक, भाव ₹७० च्या पुढे. पान नवीन आहे, जाहिरात नेमकी आहे, तरी Expected CTR ला Below average.

विक्रांत_पुणे

अभिनंदन दादा. कारखान्याचं बहुधा असं असेल की तिथे मोठ्या ब्रँडच्या जाहिराती असतात. लोक ओळखीचं नाव पाहून क्लिक करतात. तुलना त्यांच्याशी होते, मग आपण लिहिलेलं कितीही नेमकं असो. मीही माझ्या त्या दोन खात्यांची Change history पाहिली. एकात खरंच त्याच आठवड्यात शीर्षकं बदलली होती. दुसऱ्यात काहीच सापडलं नाही.

आता तुम्ही Maximize conversions वर, म्हणजे जास्तीत जास्त चौकशा याव्यात म्हणून बिड गूगलवर सोपवण्यावर, जाणार का? आमच्याकडे सगळे क्लायंट त्यावर आहेत.

मंजिरी_ठाणे

विक्रांत, कारखान्यांचं तुम्ही म्हणता तेच मलाही वाटतं. छतावरचं_ऊन, तिथे वाळूज किंवा शेंद्रा एमआयडीसीचं नाव घालून पाहा, मोठे ब्रँड इतकं जवळचं लिहीत नाहीत.

Maximize conversions बद्दल घाई नको. तिथे प्रत्येक लिलावातली बिड यंत्र ठरवतं आणि दिलेलं बजेट संपवायचा प्रयत्न करतं. दर्जा सुधारून वाचलेले पैसे ते यंत्र महागड्या शोधांवर लावेल, म्हणून क्लिकचा भाव उतरलेला दिसेलच असं नाही. तेव्हा फोनमागे किती पडले तेच पाहावं लागतं. आणि तुमचे फोन खात्यात नीट मोजले जातात का?

छतावरचं_ऊन

नाही ताई. फोन वहीत लिहितो.

मंजिरी_ठाणे

मग आधी ते. वेबसाइटवरून लागलेला फोन कन्व्हर्जन म्हणून मोजायची सोय खात्यात आहे. ती चालू करून महिनाभर वहीशी पडताळा, आकडे जुळले की इथे सांगा.